बॉटम वाढवला म्हणजे वाइड-लेग झाली का?

आज दुपारी परभणीत एका ओळखीच्या लेकराची नवी पँट बघितली आणि डोकंच फिरलं. चुलत बहिणीच्या लग्नासाठी हौसेनं शिवून घेतलेली. मांडीला घट्ट, गुडघ्याला घट्ट आणि गुडघ्याखाली एकदम 22 इंचाचा घेर. घरातले काका म्हणाले, "ही काय बेलबॉटम शिवून आणली का रे?" लेकरू बिचारं गप्प. फोटो दाखवून मागितली होती वाइड-लेग, आणि टेलरनं म्हणे सांगितलं, "फोटोत असंच हाय ना, बाळा."

नाही हो, फोटोत असं नव्हतं! फोटोतल्या पँटचा घेर सीटपासून सुरू होत होता. टेलरनं दुकानातला जुना स्किनीचा फर्मा घेतला, मांडी 22, गुडघा 16 जसाच्या तसा ठेवला आणि फक्त खालचा आकडा बदलला. आता नावं कुणाला, तर फॅशनला. "ही पोरं काय ढगळं घालून हिंडतात" म्हणायला सगळे तयार, पण ढगळं कापायचं कसं हे कुणी विचारत नाही.

मुळात स्किनी आली कशी ते बघा. एडी स्लिमान हा डिझायनर 2000 मध्ये डिऑर ऑमला, म्हणजे डिऑरच्या पुरुषांच्या कपड्यांकडं, आला आणि त्यानं पुरुषांचा कोट-पँट पेन्सिलीसारखा बारीक केला. ते सर्वसामान्यांच्या अंगावर चढलं ते लायक्रामुळं. कापडात एक-दोन टक्के लायक्रा असलं की 13 इंचाच्या बॉटममधूनही पाय जातो आणि खाली बसताही येतं. टेलरचंही काम सोपं झालं. अंगाला जिथं जागा लागते तिथं ती कापून द्यायची गरज उरली नाही, कापड ताणूनच भागू लागलं. तेव्हापासून नवे कारागीर तेच शिकले. कंबरेखाली चुणीची प्लेट घालणं, आसन म्हणजे कंबरेपासून जांघेपर्यंतचा भाग खोल घेणं, सीटला अंगाच्या मापापेक्षा जास्तीची सूट सोडणं या गोष्टी जुन्या मास्तरांसोबतच दुकानातून गेल्या. याचा मला खरंच राग येतो.

मग वारं उलटं फिरलं. 2014 मध्ये पॅरिसमध्ये व्हेटमाँ हे फॅशन लेबल सुरू झालं, 2015 मध्ये त्यातलाच डिझायनर डेम्ना बॅलेन्सियागा या मोठ्या फॅशन हाउसला गेला आणि खांद्यावरून उतरलेले कोट, पायावर पडणाऱ्या पँटी मोठ्या रॅम्पवर आल्या. आपल्याकडं पोरींनी पलाझो तर त्याच सुमाराला घातला होता, पोरं मागून आली. कोरियन गायकांच्या व्हिडिओंनी त्यांची भीड मोडली. आणि 2020 च्या लॉकडाऊननं उरलेलं काम केलं. महिनोन्‌महिने सैल कपड्यात राहिलेल्या माणसाला परत ती आवळपट्टी नको झाली. पारा 42 च्या पुढं जाणाऱ्या आपल्या मराठवाड्यात तर लायक्राची चिकटलेली पँट इतकी वर्षं टिकली कशी, हेच नवल आहे. आपले म्हातारे धोतर-पायजम्यात काय उगाच हिंडत होते का?

तर परत त्या लेकराच्या पँटकडं. कंबर 30, सीट 37. अशा अंगाला वाइड-लेग कापायची तर तयार सीट 41-42 हवी, मांडी 27, गुडघा 23-24 आणि बॉटम 21-22. आकडे नीट बघा, त्याचा बॉटम बरोबरच होता! चुकलं ते वरचं सगळं. मांडीपासून बॉटमपर्यंतची रेघ जवळजवळ सरळ पडली पाहिजे. गुडघ्याला आत येऊन खाली फाकली की झाली बेलबॉटम. फोटो दाखवताना एवढं एकच बघायचं, घोळ कुठून सुरू होतो.

दुसरी गोष्ट आसनाची. स्किनी बेंबीच्या दोन-तीन इंच खाली बसायची, पुढचं आसन 9 इंचाचं. वाइड-लेग बेंबीजवळ बसते, म्हणून पुढं 11.5 ते 12 हवं. कमी घेतलं की कंबर खाली सरकते, आणि सगळा घोळ घोट्यावर गोळा होतो. आणि पुढं दर बाजूला निदान एक प्लेट, तयार एक इंच खोल. ती प्लेट शोभेची नाही, बसल्यावर मांडीला लागणारी जागा तिथून सुटते. त्या लेकराच्या पँटला प्लेटच नाही. त्यामुळं बाजूचे खिसे कानासारखे उघडे पडलेत. खिसे उघडे दिसले की समजायचं, सीटला सूट कमी पडली.

आता लिहिता लिहिता थोडा शांत झालोय, म्हणून टेलरची बाजूही सांगतो, कारण कापडाचा हिशोब त्याच्याही विरोधात होता. लेकरानं आणला होता नेहमीचा 1.20 मीटरचा पँटपीस, पन्हा 58 इंच. दुमडून टाकला की हातात येतात 29. मांडी 22 असेल तर पुढचा-मागचा भाग मिळून शिवणीत जाणारी माया धरून 25 इंच, शेजारी-शेजारी आरामात बसतो, वर बेल्टपट्टीलाही तुकडा उरतो. मांडी 27 केली की माया धरून 30. बसतच नाही! मग टेलर एकतर मांडी मारतो, नाहीतर भाग तिरका ठेवून कापतो. तिरकं कापलं की उभा धागा सरळ राहत नाही आणि दोन धुण्यांत पायाची शिवण फिरून पुढं येते. 1.50 मीटर घ्या, म्हणजे दोन भाग खाली-वर सरकवून मावतात. दुकानदार "सव्वा मीटर लई झालं" म्हणेल, ऐकू नका.

कापडही पातळ नको. त्याचं पॉलिस्टर-व्हिस्कोस इतकं हलकं की चालताना पिंढरीला चिकटतं, आणि त्यामुळं आहे तो घेरही दिसत नाही. पडायला वजन लागतं. जाड कॉटन ड्रिल किंवा लिननमिश्रित चांगलं, उन्हाळ्यालाही बरं. दुकानात मीटरभर कापड हातावरून खाली सोडून बघा. सरळ खाली आलं तर घ्या, फुगून राहिलं तर सोडा.

ओव्हरसाइज ब्लेझरचंही तेच. दोन नंबर मोठा रेडिमेड घेतला की ओव्हरसाइज होत नाही. खांदा पाऊण-एक इंच बाहेर चालतो, छातीलाही मोकळीक हवी, पण मानेला कॉलर चिकटलीच पाहिजे. मोठ्या नंबरात मान मागून उघडी पडते, आणि ते कुठल्याच टेलरला स्वस्तात दुरुस्त करता येत नाही. बाही मात्र आत घेता येते, तिची काळजी नको.

बाइकवर बॉटम चेनमध्ये अडकतो, पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल ओढला जातो, हे मान्य. रोज बाइकवर जाणाऱ्यांनी बॉटम 19 घ्यावा, मांडी 25-26, आणि लांबी बूट घालून जमिनीपासून इंचभर वर ठेवावी. माप देताना पायात तेच बूट घाला. चप्पल घालून माप दिलं की लांबी चुकते. आणि खाली आत निदान दोन इंच दुमड ठेवायला सांगा. त्या वजनानं बॉटम खाली बसतो, आणि पहिल्या धुण्यात कॉटन आटलं तर सोडायला जागा राहते.