‘दोन दिवस आधी बंद केली की झालं’ म्हणणाऱ्यांना एका भूलतज्ज्ञाचं उत्तर

“ऑपरेशनआधी डॉक्टर ‘दारू घेता का’ विचारतील, सरळ नाही म्हणा. केसपेपरवर लिहिलं की क्लेम गेला. दोन दिवस आधी बंद करा, रक्त साफ होतं. भुलीचा डोस सगळ्यांना सारखाच असतो. दारूने रक्त पातळ होतं, म्हणजे गुठळीची भीती नाही, उलट चांगलंच. आणि जखम भरायची ती अँटिबायोटिकने भरते.”

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हे फिरलं आणि खाली अंगठ्यांची रांग लागली. मी गेली अनेक वर्षं भूल देतो. यातली सगळ्यात धोक्याची ओळ क्लेमची नाही, दोन दिवसांची आहे. म्हणून सुरुवात तिथूनच.

रोज पिणाऱ्याचा मेंदू दारूच्या गुंगीशी झुंजत असतो. गुंगी असूनही जागं राहायचं म्हणून तो स्वतःची उत्तेजना वाढवून ठेवतो. दारू अचानक थांबली की गुंगी जाते, पण वाढवलेली उत्तेजना तशीच राहते. शेवटच्या घोटानंतर साधारण सहा ते चोवीस तासांत हात थरथरू लागतात, घाम येतो, नाडी पळते. फिट आली तर बहुधा पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत येते. भ्रम होणं, नसलेलं दिसणं, अंगात ताप, हा सगळ्यात वाईट प्रकार त्यापुढे, अठ्ठेचाळीस ते शहाण्णव तासांत. म्हणजे दोन दिवस आधी बंद करून टेबलावर आलेला माणूस नेमका त्या वेळेच्या उंबरठ्यावर असतो.

पन्नाशीतला एक पेशंट, हर्नियाचं ठरवून केलेलं ऑपरेशन. विचारलं तर म्हणाला, “कधीमधी, लग्नकार्यात.” शेवटची शनिवारी रात्री दहाच्या सुमारास घेतली होती, हे नंतर कळलं. सोमवारी सकाळी ऑपरेशन व्यवस्थित झालं. संध्याकाळी वॉर्डातून निरोप आला की नाडी एकशे वीस, घाम फुटलाय, हात कापतायत. दुखत असेल म्हणून वेदनेचं इंजेक्शन दिलं गेलं. दुखण्याने नाडी वाढते, घामही येतो, पण पसरलेल्या बोटांना तसा बारीक कंप सुटत नाही. तिथेच शंका यायला हवी होती. रात्री तो भिंतीवरच्या मुंग्या झटकू लागला. भिंतीवर मुंग्या नव्हत्या. अडीचच्या सुमाराला त्याने सलाईन उपटलं आणि पलंगावरून उतरून चालायला लागला. चौघांनी धरलं, त्या ओढाताणीत जखमेखाली रक्त साकळलं.

त्याची बायको दारात उभी होती. तिला बाजूला घेऊन विचारलं, तेव्हा हळूच म्हणाली, “रोज एक चपटी लागते.”

मग आयसीयू, मेंदूची उत्तेजना शांत करणारं लोराझेपाम, आणि ग्लुकोजच्या सलाईनआधी थायमिन. रोज पिणाऱ्यांच्या अंगात हे जीवनसत्त्व कमी असतं. त्याच्याशिवाय नुसतं ग्लुकोज दिलं तर उरलंसुरलंही संपून मेंदूला कायमची इजा होऊ शकते. हेच सगळं आम्हाला आधी माहीत असतं तर लक्षणं येण्यापूर्वीच औषध सुरू केलं असतं. म्हणून रोज पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम बंद करू नये. बंद करायचीच आहे, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि पुरेशी आधी.

आता डोसचं. तो सारखा असता तर माझी नोकरी एखाद्या कंपाउंडरला देता आली असती. प्रोपोफॉल हे झोपवायचं दुधासारखं पांढरं इंजेक्शन. ते ज्या जागी काम करतं त्यातल्या काही जागांवर दारूही काम करते, आणि रोजच्या सवयीने त्या जागा निबर झालेल्या असतात. त्यामुळे सराईत माणसाला झोपवायला बऱ्याचदा जास्त औषध लागतं. पण त्याचं लिव्हर किंवा हृदय थकलेलं असेल तर तोच वाढीव डोस रक्तदाब खाली आणतो. दोन्हीकडून अडचण, म्हणून आधी माहीत असलं की आम्ही थोडं थोडं देत, मॉनिटर बघत जातो. धीर यावा म्हणून कुणी सकाळीच दोन पेग मारून आला असेल तर गणित उलटं होतं: भूल कमी लागते, आणि पोट रिकामं नसतं. झोपल्यावर उलटी झाली तर ती थेट फुफ्फुसात. अशा वेळी ठरवलेलं ऑपरेशन आम्ही पुढे ढकलतो. कमरेतल्या भुलीत पाय बधिर व्हायचे ते होतातच, पण टेबलावर अस्वस्थ झालेला माणूस स्वस्थ पडून राहत नाही, ही वेगळी डोकेदुखी.

‘रक्त पातळ होतं’ हा शब्दच फसवा आहे. दारूने अस्थिमज्जा दबते, प्लेटलेट कमी तयार होतात, असतात त्याही नीट चिकटत नाहीत. लिव्हर बिघडलं असेल तर गोठवणारे घटकही अपुरे पडतात. थोडक्यात, जखमेवर बसायचं बूच ढिलं होतं. वर सांगितलेल्या पेशंटच्या प्लेटलेट एक लाखाच्या जरा वर होत्या. तेवढ्यावर हर्नियाचं ऑपरेशन करता येतं, पण आकडा कमी का, हे विचारायला हवं होतं. यात पायातल्या गुठळीपासून संरक्षण मिळतं असं मुळीच नाही. बिघडलेल्या लिव्हरचे पेशंट रक्तस्रावही करतात आणि गुठळ्याही. प्लेटलेटची संख्या दारू सोडल्यावर आठवडाभरात सुधारू लागते, दोन दिवसांत नाही.

अँटिबायोटिकबद्दल एका डॅनिश प्रयोगाची गोष्ट सांगतो, १९९९ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेली. मोठ्या आतड्याच्या ऑपरेशनसाठी आलेले, रोज निदान साठ ग्रॅम अल्कोहोल घेणारे बेचाळीस जण. अर्ध्यांना देखरेखीखाली महिनाभर पूर्ण बंद ठेवलं, बाकीचे नेहमीसारखे पीत राहिले. पिणाऱ्यांमध्ये ७४ टक्क्यांना ऑपरेशननंतर काही ना काही गुंतागुंत झाली, थांबलेल्यांमध्ये ३१ टक्क्यांना. संख्या लहान आहे, मान्य. पण फरक एका महिन्याच्या विश्रांतीने पडला. दारूमुळे जंतूंशी लढणाऱ्या पेशी मंदावतात आणि जखम सांधणारा कोलॅजेनचा धागा कमी विणला जातो. अँटिबायोटिक जंतू मारतं, धागा विणत नाही. आमच्या पेशंटचं साकळलेलं रक्त पुढे पिकलं, आणि तीन दिवसांत घरी जायचा माणूस अकराव्या दिवशी गेला.

साठ ग्रॅम म्हणजे किती? आपल्याकडच्या १८० मिलीच्या चपटीत, ४२.८ टक्क्यांच्या हिशोबाने, सुमारे साठ ग्रॅमच असतं. बायकोने सांगितलेला आकडा आणि डेन्मार्कचा आकडा एकच. तीस मिलीचा एक पेग म्हणजे दहा ग्रॅम.

राहिला क्लेम. ही भीती निराधार नाही. दारूच्या व्यसनाचे उपचार आणि त्याचे परिणाम पॉलिसीतून वगळलेले असतात. पण हर्निया दारूने होत नाही, आणि मी प्रश्न विचारतो तो इन्शुरन्स कंपनीसाठी नाही. गंमत अशी की लपवलेल्या दारूमुळे आयसीयूत गेलेले दिवसच त्या कलमाच्या तावडीत सापडायची शक्यता जास्त.

आम्हाला तीनच गोष्टी हव्या असतात: काय घेता, दिवसाला किती, आणि शेवटची कधी. तिसरी सगळ्यात महत्त्वाची. बायको किंवा सासरेबुवा समोर असल्याने बोलायला जड जात असेल तर तसं खुणेने सांगा, आम्ही त्यांना फाइल आणायला बाहेर पाठवतो.