क्लायंटचं नाव खोडलं की रेझ्युमे सुरक्षित होतो?

लिंक्डइनवर आणि सॉकमधल्या, म्हणजे सायबर हल्ल्यांवर नजर ठेवणाऱ्या केंद्रांमधल्या, मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या हा सल्ला फिरतोय:

«इन्सिडेंट रिस्पॉन्सचं काम रेझ्युमेत लिहिताच येत नाही, एनडीए आड येतो. लिहायचंच असेल तर क्लायंटचं नाव काढा, बाकी सगळं बिनधास्त लिहा. खरं वजन टूल्सच्या यादीला असतं, म्हणून कंपनीत जेवढी टूल्स आहेत तेवढी व्हर्जनसकट टाका. वर दोन-तीन सर्टिफिकेट्स असली की शॉर्टलिस्ट पक्की.»

मी सॉकसाठी उमेदवारांच्या मुलाखती घेतो आणि या सल्ल्याबरहुकूम लिहिलेले रेझ्युमे माझ्याकडे सतत येतात. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

एनडीएपासून सुरुवात. करारात गोपनीय ठरते ती कंपनीची आणि क्लायंटची माहिती: हल्ला कोणावर झाला, हल्लेखोर कुठून शिरले, काय गेलं, कोणती फट अजून उघडी आहे. घटना हाताळण्याची पद्धत मात्र कोणाच्या मालकीची नाही. ओळखणं, रोखणं, साफ करणं, पूर्ववत करणं हे टप्पे अमेरिकेच्या निस्ट संस्थेच्या ८००-६१ या मार्गदर्शिकेत कोणालाही वाचता येतात. त्या टप्प्यांत तुम्ही काय केलंत हे लिहायला साधारणपणे आडकाठी नसते. तरी स्वतःचा करार एकदा नीट वाचा. काही करारांत अमुक क्लायंटसाठी काम केलं, एवढं सांगायलाही मनाई असते. शंका असेल तर मॅनेजरला मेलवर विचारा, म्हणजे उत्तर लेखी राहतं.

यापेक्षा घातक आहे तो फक्त नाव काढण्याचा सल्ला. समजा, कोणी लिहिलं: «पुण्यातल्या मोठ्या सहकारी बँकेच्या एटीएम स्विचवर ऑगस्ट २०१८मध्ये झालेल्या हल्ल्याच्या तपासात सहभाग». नाव कुठेच नाही, पण वाचणाऱ्याच्या मनात कॉसमॉस बँक आणि ९४ कोटी रुपये आलेच. क्षेत्र, शहर, महिना आणि हल्ल्याचा प्रकार या चारपैकी एकटी कोणतीही गोष्ट फारसं सांगत नाही. चारही एका ओळीत आल्या की नावाची गरजच उरत नाही. ही घटना निदान वर्तमानपत्रांत आली होती. बहुतेक घटना बाहेर कधीच येत नाहीत. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत तिला कळवाव्या लागतात, पण ते कळवणं जाहीर नसतं. त्यामुळे «सहा तासांच्या मुदतीत सर्ट-इनला अहवाल दिला» ही ओळ शहर आणि महिन्यासोबत लिहिली, तर जे कोणाला माहीत नव्हतं ते तुम्हीच सांगितलं.

जे एखाद्या कंपनीच्या स्वतःच्या सुरक्षा विभागात काम करतात, त्यांना तर खोडायला नावच नसतं. हल्ला झाला तो त्यांच्या कंपनीवरच, आणि तिचं नाव अनुभवाच्या मथळ्यात ठळक अक्षरांत असतं. त्यांनी तारीख आणि परिणाम पूर्ण वगळून फक्त आपली हाताळणी लिहावी, किंवा ती कौशल्यांच्या भागात न्यावी.

एक प्रसंग रचून दाखवतो. मूळ ओळ अशी (प्रत्यक्षात ती इंग्रजीत असेल): «मार्च २०२४. चाकणच्या वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीच्या सीएफओचं मेल खातं फिशिंगने हॅक. एमएफए असूनही हल्लेखोर ११ दिवस मेल वाचत होता. ईडीआर फक्त लॅपटॉपवर होतं, सर्व्हरवर नव्हतं. घटना यशस्वीपणे हाताळली.»

यात क्लायंटची लाज आणि त्याची उघडी फट दोन्ही आहेत. मुलाखत घेणाऱ्याला जे हवं, म्हणजे उमेदवाराने काय केलं, ते मात्र «यशस्वीपणे हाताळली» एवढ्यात संपलं. खरं काम केवढं होतं बघा. एमएफए पार झालं याचा अर्थ बहुधा बनावट लॉगिन पानाने मधल्या मध्ये सेशन टोकन चोरलं. अशा वेळी पासवर्ड बदलून थांबलं तर हल्लेखोर आतच राहू शकतो, म्हणून चालू सेशन रद्द करावी लागतात. त्याने स्वतःचा फोन एमएफएसाठी जोडला आहे का, हे तपासावं लागतं. ऑडिट लॉगमध्ये `New-InboxRule` शोधावं लागतं, कारण बिलांचे मेल कोणाच्या नजरेस न पडणाऱ्या फोल्डरमध्ये हलवणारा नियम बनवणं ही या हल्ल्यांतली नेहमीची चाल आहे. एखाद्या ॲपला मेल वाचायची परवानगी दिली गेली का, हेही पाहावं लागतं. शेवटी तोच फिशिंग मेल आणखी कोणाकडे पोचला ते शोधून तो काढायचा.

आता ओळ अशी होते: «मायक्रोसॉफ्ट ३६५ मधील मेल खातं ताब्यात गेल्याची घटना हाताळली. साइन-इन लॉगवरून सेशन टोकनची चोरी ओळखली, सेशन रद्द केली, हल्लेखोराने जोडलेली एमएफए पद्धत आणि मेल लपवणारा नियम काढला, इतर खात्यांतून तो मेल हटवला. असा नियम बनताच अलर्ट देणारी केक्यूएल क्वेरी लिहिली.» शहर, महिना, हुद्दा, दिवस, फट, सगळं गेलं आणि तरी ओळ जास्त वजनदार झाली. एकच घटना हाताळली असेल तर इंग्रजीत लिहिताना «घटना»चं अनेकवचन करू नका. दुसऱ्याच प्रश्नात ते उघडं पडतं. आकडा द्यायचाच असेल तर स्वतःच्या कामाचा आणि ढोबळ द्या, जसं की एका पाळीत साधारण किती अलर्ट तपासले. हल्लेखोर किती दिवस आत होता, हा आकडा क्लायंटचा आहे.

टूल्सची नावं लिहावीच लागतात, कारण छाननीचं सॉफ्टवेअर ती शोधतं. पण कंपनीच्या नावाखाली ईडीआर, फायरवॉल, व्हीपीएन आणि त्यांची व्हर्जन्स मांडली की तो त्या कंपनीच्या संरक्षणाचा नकाशा होतो. हल्लेखोरांच्या पद्धतींची नोंद ठेवणाऱ्या मायटर अटॅकमध्ये T1592.002 ही नोंद आहे: लक्ष्याकडे कोणतं सॉफ्टवेअर आहे ही माहिती गोळा करणं. ती जिथून मिळू शकते त्या जागांमध्ये नोकरीच्या जाहिरातींबरोबर रेझ्युमेचाही स्पष्ट उल्लेख आहे. म्हणून टूल्स वेगळ्या भागात लिहा, व्हर्जनशिवाय, आणि प्रत्येकापुढे तुमचा हात कुठवर चालतो ते: «सेंटिनेल: क्वेरी लिहिणं, स्प्लंक: अलर्टची पहिली छाननी, वायरशार्क: पॅकेट तपासणी». कंपनीत आहे पण तुम्ही कधी उघडलं नाही, ते टूल यादीत नको. गिटहबवर डिटेक्शन रूल ठेवत असाल तर त्यातली अपवादांची यादी आधी पाहा. क्लायंटचे आयपी पत्ते आणि सर्व्हरची नावं तिथेच राहून जातात, आणि अलर्ट कशावर वाजणार नाही हे ती यादी थेट सांगते.

सर्टिफिकेट्सबद्दल थोडकंच. देणारी संस्था, मिळाल्याचं वर्ष आणि वैधता लिहा. सिक्युरिटी प्लस तीन वर्षं चालतं, जीसीआयएच चार वर्षं. मुदत संपली असेल तर तसं लिहा. पडताळणीत ते कळतंच. कोर्स पूर्ण केला आणि परीक्षा दिली नाही, तर ते प्रशिक्षण म्हणून वेगळं दाखवा. सर्टिफिकेटमुळे छाननी पार होते, पण मुलाखतीत मी त्या मेल खात्याच्या घटनेबद्दलच विचारतो.

आणि तेव्हा «कोणती कंपनी होती?» असंही विचारतो. «ते सांगता येणार नाही, पण लॉगमध्ये काय दिसलं ते सांगतो» असं म्हणणाऱ्याशी पुढचा अर्धा तास बोलणं होतं. नाव सांगून टाकणाऱ्याला मी पुढच्या फेरीत पाठवत नाही, कारण आमच्या क्लायंटचं नावही तो पुढच्या मुलाखतीत असंच सांगेल.