गौरीला नैवेद्य दाखवा, पण आमच्या आबांना आधी जेवू द्या

दरवर्षी गौरी जेवणाच्या दिवशी माझं डोकं फिरतं, आणि यंदा तर कहर झाला.

माझे सासरे, आबा, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. जुनी शुगर आहे, अँजिओप्लास्टी झालेली आहे. सकाळी नाश्त्याबरोबर ग्लिमेपिराइडची गोळी असते. ही गोळी शुगर खाली आणते आणि तिचं काम दिवसभर चालूच राहतं. तुम्ही जेवलात की नाही, ते तिला कळत नाही. म्हणून रोज साडेबाराला ताट म्हणजे ताट.

सणाला मात्र हे सगळं गुंडाळून ठेवायचं, कारण नैवेद्याआधी कुणी खायचं नाही. आणि नैवेद्य कधी? तर पुण्याचे चुलत दीर पोहोचतील तेव्हा. ते महामार्गावर कुठं तरी अडकलेले. सांगलीत आमच्या घरी पुरण वाटून, कटाची आमटी उकळून तयार, सोळा भाज्या झाकून ठेवलेल्या, आणि आबा उपाशी. "जरा दम धरा की, आलीच पोरं," असं चुलत सासूबाई त्यांना सांगतायत. आबाही गप्प, देवाच्या कामात आपली अडचण नको म्हणून. त्यांचं ज्वारीचं भाकरी-भाजीचं ताट मी तिसऱ्या शेगडीवर वेगळं करून ठेवलेलं. भाजीत मीठ कमी, आमटी गूळ घालायच्या आधीच काढून ठेवलेली. तेही हातात घेऊ दिलं नाही.

पावणेदोनला ते एकाएकी नातवावर खेकसले. आबा कधी खेकसत नाहीत. सगळे म्हणाले, भुकेनं चिडलेत. मी मान बघितली तर घामानं चिंब, पंख्याखाली बसलेले असून. हात थरथरत नव्हते, म्हणून कुणाला शंकाही आली नाही. पण त्यांना हृदयासाठी मेटोप्रोलॉल चालू आहे, आणि त्या गोळीनं थरथर आणि धडधड झाकली जाते. घाम तेवढा राहतो. डॉक्टरांनी हे आम्हाला बजावून सांगितलंय, पण ते ऐकून ठेवायचं काम एकट्या सुनेचं!

मशीन लावलं. अठ्ठावन्न. सत्तरच्या खाली गेली की थांबायचं नसतं.

आणि मग गंमत बघा. मघाशी ज्यांना नैवेद्य आडवा येत होता, त्याच चुलत सासूबाई तूप ओतलेली पुरणपोळी घेऊन धावल्या. "गोड द्या गोड!" अहो, त्या घडीला ती पोळी काय कामाची? तुपामुळं साखर रक्तात पोहोचायला वेळ लागतो. मी ग्लुकोज पावडरचे तीन-चार छोटे चमचे पाण्यात घालून पाजले आणि घड्याळ लावून पंधरा मिनिटं बसले. पुन्हा टोचलं, एक्क्याऐंशी. मग नैवेद्य गेला खड्ड्यात, त्यांना ताट वाढलं. (माणूस शुद्धीत असला, गिळता येत असलं तरच तोंडानं द्यायचं, नाहीतर सरळ दवाखाना.)

एवढ्यावर भागलं असतं तर मी लिहायला बसले नसते. पाहुणे आले, नैवेद्य झाला आणि सगळ्यांना आबांचा पुळका आला. "सणावारी एवढ्यानं काय हुतंय?" "गुळाचं चालतंय, साखर न्हवं ती!" ऊस पिकवणाऱ्या मुलखातली माणसं आपण, गूळ उसाच्याच रसाचा असतो हे आपल्याला कुणी सांगायला हवं? गुळानंही शुगर चढतेच. आणि असं नाही की मी आबांना पोळी देतच नाही. डॉक्टरांनी सांगितलंय, एका भाकरीच्या बदली एक लहान पुरणपोळी, दूध न ओतता. त्या हिशेबानं मी पोळी लाटली होती. पण भाकरी पोटात गेलेली, तीवर ज्यानं त्यानं एक-एक तुकडा करत दोन पोळ्या, वर दूध, वर "थोडंसंच" तूप, शिवाय कुरडई-पापड. संध्याकाळी मशीन तीनशे बारा.

त्यावर चुलत सासूबाईंचं निदान काय, तर "तुझ्या त्या पथ्याच्या जेवणानंच त्यांना चक्कर आली, सणाला माणसाला उपाशी मारतीस." मी उपाशी मारते! दुपारी पावणेदोनपर्यंत ताट कुणी अडवलं होतं?

नवऱ्याचं म्हणणं, "मोठ्यांना कोण बोलणार." मग मीच बोलले, सगळ्यांसमोर. नैवेद्याचं ताट आधी वेगळं काढता येतं, त्याला पुण्याची गाडी लागत नाही. घरातले पाच जण बारा वाजता आरती करू शकतात, उशिरा येणाऱ्यांनी नुसता नमस्कार करावा. चुलत सासूबाई तोंड फिरवून बसल्या. बसू देत. पुढच्या गौरीला आबांचं ताट साडेबाराला पडणार, आणि वाढायला मी स्वतः उभी राहणार.