फुगलेल्या बॅटरीत हवा नसते

“मोबाइलची बॅटरी फुगली तर घाबरू नका! आत फक्त हवा असते. सुईने बारीक भोक पाडून हवा काढा, नाहीतर दोन तास फ्रीजरमध्ये ठेवा, पोट बसतं. चिकटलेली असेल तर हेअर ड्रायर फुल्ल करून मागून दहा मिनिटं शेका, वर सॅनिटायझर किंवा थिनर ओता आणि स्क्रू ड्रायव्हरने उचकटा. दुकानदार एवढ्यासाठीच आठशे रुपये घेतात. सगळ्या ग्रुपवर पाठवा.”

फुगा झालेल्या बॅटरीत जे भरलेलं असतं ते तिच्या आतच तयार झालेलं असतं. फोनची बॅटरी म्हणजे तांब्याचा आणि ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, त्यांवर रसायनांचा लेप, दोघांमध्ये केसाहून पातळ असा प्लास्टिकचा पडदा, आणि हे सगळं घडी घालून किंवा गुंडाळून इलेक्ट्रोलाइट नावाच्या द्रवात भिजवलेलं. बाहेरून चंदेरी पाकीट. बॅटरी सतत पूर्ण चार्ज आणि गरम राहिली की हा द्रव हळूहळू मोडत जातो आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन, इथिलीन असे वायू सुटतात. पाकीट सीलबंद असल्यामुळे ते आतच साठतात. यांतले बरेचसे पेट घेणारे आहेत.

आता त्यात सुई घाला. सुई धातूची. एका टोचण्यात ती पाच-सहा थरांतून आरपार जाते, पडदा फाटतो आणि तांबं-ॲल्युमिनियम एकमेकांशी जोडलं जातं. म्हणजे शॉर्ट, तोही ज्वलनशील वायूच्या पिशवीत. नशिबाने पेटलं नाही तरी बाहेरची दमट हवा आत शिरते आणि इलेक्ट्रोलाइटमधल्या क्षाराशी तिची गाठ पडली की हायड्रोजन फ्लोराइड तयार होतो. तो डोळ्यांना, फुफ्फुसांना आणि कातडीला वाईट. पोट बसलेलं दिसतं खरं, पण ती बॅटरी आता आधीपेक्षा जास्त धोक्याची झालेली असते.

फ्रीजरचं गणित तर शाळेतलंच आहे. ३० अंशांवरचा वायू उणे १८ वर नेला तर त्याचं आकारमान सुमारे १६ टक्क्यांनी घटतं. पोट थोडं बसल्यासारखं वाटतं, बाहेर काढलं की पुन्हा वर. शिवाय थंडगार फोन आपल्याकडच्या दमट हवेत आला की आतबाहेर दव धरतं, ते बोर्डावर बसतं. पुढे काही लिहीत नाही.

शेक आणि अल्कोहोल या दोन गोष्टी मात्र त्या मेसेजमध्ये बरोबर आहेत. मी मिरजेत मोबाइल दुरुस्त करतो, मीही हेच दोन वापरतो. चूक आहे ती कुठे, किती आणि कुठल्या क्रमाने यात.

शेक असतो मागच्या झाकणासाठी. बॅटरीला शेक द्यायचाच नाही. झाकणाचा डिंक ५०-६० अंशांना मऊ पडतो. बॅटरीच्या आत मात्र साधारण ८०-९० अंशांपासून तांब्याच्या पत्र्यावरच्या ग्राफाइटच्या लेपावरचा संरक्षक थर मोडायला लागतो, आणि मोडताना तो स्वतःच उष्णता सोडतो. १३० अंशांच्या आसपास पॉलिथिलीनचा पडदा वितळतो. मग तुम्ही ड्रायर बंद केलात तरी आतला बंद होत नाही. फुल्लवरच्या ड्रायरचं तोंड जवळ धरलं की ८०-९० अंश गाठायला दहा मिनिटं लागत नाहीत. तेही मधोमध, म्हणजे नेमकं फुगलेल्या पोटावर. म्हणून मी रबरी शेकायची पिशवी वापरतो. पाणी उकळतं नको, हाताला कढत लागेल एवढंच. पिशवी पातळ फडक्यात गुंडाळून फक्त कडांवर, एकेका बाजूला दोन मिनिटं. झाकणाच्या कडेवर तळहात तीन-चार सेकंद ठेवता आला पाहिजे. हात झटकन मागे घ्यावा लागला तर थांबायचं, गार होऊ द्यायचं.

अल्कोहोल त्यानंतर येतं, आणि फोन पूर्ण गार झाल्यावरच. आयसोप्रोपिल अल्कोहोल, दुकानांत ज्याला नुसतं आयपीए म्हणतात, ते १२ अंश तापमानालाही पेट घेण्याइतकी वाफ सोडतं. ती वाफ हवेपेक्षा जड, टेबलावर पसरून राहते. ड्रायरच्या आत लालबुंद तार असते. एकानंतर एक वापरलं तर ही दोन्ही हत्यारं, एकत्र वापरली तर काडेपेटी. समई, उदबत्ती, गॅसची शेगडी, सिगारेट, सगळं दुसऱ्या खोलीत. खिडकी उघडी.

सॅनिटायझर का नको? त्यात पाणी असतं, वर ग्लिसरीन. पाणी बोर्डावर राहतं आणि गंजवतं, ग्लिसरीन चिकट थर सोडून जातं, आणि जेल असेल तर बॅटरीखाली शिरतच नाही. थिनर बॅटरीखाली शिरतं, पण जाता जाता प्लास्टिकही खातं. ९९ टक्क्यांचं आयपीए डिंकाची पकड सैल करतं आणि उडून जातं, एवढंच त्याचं काम. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात बाटली मिळते.

गेल्या मे महिन्यात एक फुलवाल्या मावशी फोन घेऊन आल्या. पैसे आले की बोलणारा फोन, गाड्यावर दिवसभर उन्हात आणि चार्जरला लावलेला. बॅटरी कायम १०० टक्के आणि कायम तापलेली, म्हणजे फुगायला याहून चांगली जागा नाही. मागचं झाकण एका बाजूने नख जाईल इतकं उचललं होतं. मावशी म्हणाल्या, “जावयाने टाचणी लावायला सांगितली होती, माझा हात गेला नाही.” हात गेला नाही तेच बरं झालं.

फोन स्वतःहून गरम लागत नव्हता, वास नव्हता. तसं असतं तर मी उघडलाच नसता. चार्ज ६४ टक्के होता. चार्जर काढून टाकला, टॉर्च लावली आणि फोन दुकानाबाहेरच्या शहाबादी फरशीवर ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी तो बंद पडलेला होता. रिकाम्या बॅटरीत ऊर्जा कमी, म्हणजे बिघडलं तर भडकाही कमी. ही एक रात्र त्या मेसेजमध्ये कुठेच नाही, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी चूक तीच.

मग तयारी. डोळ्यांवर गॉगल, हातात नायट्राइलचे हातमोजे, पायाशी कोरड्या वाळूचं घमेलं, हाताशी लांब चिमटा, आणि दार उघडं. झाकण शेकून प्लास्टिकच्या पिकने कडेकडेने सोडवलं. पिक तीन मिलिमीटरहून आत घातली नाही, कारण आत पोट वर आलेलं असतं. पहिल्यांदा काढला तो बॅटरीचा कनेक्टर, प्लास्टिकच्या पट्टीने. त्यानंतर अर्धा तास सगळं गार होऊ दिलं.

या फोनमध्ये बॅटरीखाली ओढून काढायच्या चिकट पट्ट्या नव्हत्या. असतील तर आधी त्याच बघायच्या. पट्टीचं टोक धरून जवळजवळ आडवं, हळू, न थांबता ओढलं की ती लांबत लांबत बाहेर येते. वर ओढली तर तुटते. इथे मात्र खाली दुहेरी टेप होती, अख्ख्या लांबीची. फोन एका बाजूने दोन बोटं उंच टेकवला. सुई नसलेल्या सिरिंजने वरच्या लांब कडेला साधारण अर्धा मिली आयपीए सोडलं, उताराने ते खाली गेलं. तीन मिनिटं थांबलो. पुन्हा अर्धा मिली. जास्त ओतायचं नाही. ते फ्रेमच्या फटीतून स्क्रीनच्या मागच्या थरांत शिरलं तर स्क्रीनवर पाण्याच्या डागासारखे ढग उमटतात आणि ते सहसा जात नाहीत. सुरुवातीच्या दिवसांत मी एक स्क्रीन अशीच घालवली आहे.

स्क्रू ड्रायव्हरचं काय होतं ते सांगतो. टोक बॅटरीच्या पोटात शिरतं तो धोका सगळ्यांना कळतो. वाकण्याचा धोका कोणी धरत नाही. २०१६ मध्ये सॅमसंगला गॅलेक्सी नोट ७ परत घ्यावे लागले, आणि जानेवारी २०१७ मध्ये कंपनीने जी कारणं सांगितली त्यांतलं एक होतं बॅटरीच्या वरच्या कोपऱ्यात वाकलेला ऋण इलेक्ट्रोड. ती कारखान्यातली चूक होती. बॅटरी एका कोपऱ्यातून उचकटताना तेच आपण हाताने करतो.

म्हणून माझं हत्यार जुनं एटीएम कार्ड, कोपरे घासून गोल केलेलं. ते बॅटरीखाली, धातूच्या फ्रेमला घासत आडवं सरकवायचं. दाब फ्रेमवर द्यायचा, बॅटरीवर नाही. जिथे कार्ड अडलं तिथे जोर न लावता आयपीएचे आणखी दोन थेंब आणि आणखी तीन मिनिटं. ज्या टोकाला वायर आणि छोटा सर्किटचा पट्टा असतो तिकडून सुरुवात करायची नाही. मावशींच्या बॅटरीला पाच फेऱ्या लागल्या, पस्तीस मिनिटं. शेवटी ती सपाट, एका तुकड्यात, स्वतःहून सुटल्यासारखी वर आली.

मध्येच काही बिघडलं तर कळतं कसं? आयपीएला दवाखान्यासारखा वास असतो आणि तो दोन-तीन मिनिटांत जातो. इलेक्ट्रोलाइटचा वास गोडसर, नेलपेंट रिमूव्हरसारखा, आणि आयपीए उडून गेल्यावरही तो राहतो. असा वास आला, किंवा हातमोज्यातून एखादी जागा कोमट लागली, किंवा ‘सूं’ असा आवाज आला, तर काम तिथेच सोडायचं. चिमट्याने फोनसकट वाळूत टाकायचं, घमेलं बाहेर, आपण वारा जिकडून येतो त्या बाजूला. धूर सुटला असेल तर चिमट्याच्या भानगडीतही पडायचं नाही, खोलीबाहेर पडायचं, दार ओढायचं आणि १०१ ला फोन. आजूबाजूचं पेटलं आणि लांबून जमत असेल तर भरपूर पाणी मारलं तरी चालतं, त्याने उष्णता उतरते. लिथियमवर पाणी नको हे धातूच्या लिथियमबद्दल खरं आहे, फोनच्या बॅटरीला तसंच्या तसं लागू नाही.

आठशे रुपयांबद्दल. नवी बॅटरी, नवा टेप, झाकणाचा डिंक आणि दोन दिवसांत मिळून दोनेक तास माझे. पण जुन्या बॅटरीचं काय करायचं, यावर मेसेज गप्प आहे. मावशींनी ती परत मागितली, भंगारवाला दहा रुपये देतो म्हणून. दिली नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि तिची जागा कचऱ्याच्या डब्यात नाही. कचऱ्याच्या गाडीत ती दाबली गेली तर सुईचं काम गाडीच करते. कुरियरनेही पाठवायची नाही, बिघडलेली लिथियम बॅटरी विमानात चालत नाही.

कनेक्टरला चिकटपट्टी लावून ती बॅटरी दुकानामागच्या पत्र्याच्या डब्यात, वाळूत ठेवली. पहिला तासभर डब्याकडे लक्ष ठेवलं, मग झाकण सैलच बसवलं, घट्ट नाही. ई-कचरा गोळा करणारे येतील तेव्हा त्यांच्याकडे जाईल. मावशींना मी दहा रुपये दिले.