"परीक्षेपर्यंत कुठेच नको" असं मी म्हणाले, ते चुकलंच

राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झालीय. नऊ पेपर, त्यातल्या सात पेपरांचे १७५० गुण धरतात. तीन तास सलग लिहायची सवय नुसतं वाचून लागत नाही, म्हणून माझी रविवार सकाळ सराव पेपरला गेली. आणि लग्न झाल्यापासून आमचा रविवार म्हणजे सिंहगड. पहाटे गाडी काढायची, वर पिठलं-भाकरी, मडक्यातलं दही, दुपारपर्यंत घरी.

पेपर सुरू झाले तेव्हा मी नवऱ्याला म्हणाले, "परीक्षेपर्यंत आता कुठेच नको. तुझं काय, तुला नोकरी आहे." तो "बरं" म्हणाला आणि तीन आठवडे विषयच काढला नाही. मला वाटलं, किती समजून घेतोय! मग एकदा तो मित्राला फोनवर सांगत होता, "तिला नको विचारूस, ती नाहीच म्हणेल." ते फार लागलं. त्याला पटलं नव्हतं, त्याने विचारणंच सोडून दिलं होतं.

त्या रात्री मी त्याला विचारलं, सिंहगडावर जाऊन तुला नक्की काय मिळतं रे? म्हणाला, "गडाचं काही नाही गं. आठवडाभर मी ऑफिसात, तू अभ्यासिकेत. गाडीवर मागे बसून तू बोलत असतेस, तेवढंच आपलं बोलणं होतं."

हे मी आधीच विचारायला हवं होतं. कारण गड मला परवडत नव्हता, बोलणं परवडत होतं. सकाळी नऊ ते बारा पेपर, दुपारी उत्तरं तपासायची, आणि सहानंतर डोक्यात काही शिरत नाही. तो वेळ मी मोबाइलवरच घालवत होते. मग वेळापत्रक त्याच्यासमोर ठेवून म्हणाले, "मलाही गाडीवरचं ते बोलणं हवंय. सकाळ मला पेपरला लागेल, परीक्षा संपेपर्यंत. रविवारी सहा ते नऊ आपले. कुठे जायचं ते तू ठरव. चालेल का तुला?"

त्याने लगेच हो म्हटलं नाही. "आणि दादाच्या मुलीचं बारसं?" ते सकाळीच होतं. त्या आठवड्याचा पेपर मी शनिवारी लिहिला. असे दोन-तीन दिवस हलत नाहीत, ते आधीच कॅलेंडरवर लिहून टाकलेले बरे.

एकदा माझ्याकडूनही मोडलं. निबंध अर्धा राहिला म्हणून साडेपाचला मी "आज राहू दे" म्हणाले. त्याचा चेहरा पाहिला आणि "उद्या रात्री जेवण झाल्यावर जाऊ" असं तिथल्या तिथे ठरवलं. सोमवारी खडकवासल्याच्या रस्त्याला गेलो, कणीस खाल्लं. सगळा वेळ तोच बोलत होता, त्याच्या नव्या साहेबाबद्दल. साहेब बदलून महिना झाला होता आणि मला माहीतच नव्हतं.