बाजार पडला की सोनं चढतंच?

«शेअर बाजार कोसळला की सोनं वर जातंच, हा इतिहास आहे. सोन्यात पैसा बुडत नाही. म्हणून निम्मी गुंतवणूक सोन्यात ठेवा आणि निवांत झोपा.»

यातलं पहिलं वाक्य अर्धंच खरं आहे. मार्च 2008 मध्ये सोनं औंसाला 1,000 डॉलरच्या वर होतं. सप्टेंबरात लेहमन ब्रदर्स ही अमेरिकी गुंतवणूक बँक बुडाली, शेअर गडगडले, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात सोनं 700 डॉलरच्या आसपास आलं. ऐन संकटात ते पडलं, कारण उधारीवर शेअर घेतलेल्या फंडांना मार्जिनचे, म्हणजे उधारीपोटीच्या वाढीव तारणाचे पैसे तातडीने भरायचे होते. अशा वेळी जे विकायला हवं ते विकलं जात नाही; ज्याला लगेच गिऱ्हाईक मिळतं तेच विकलं जातं, आणि ते सोनं असतं. मार्च 2020 मध्येही हेच झालं. शेअर आणि सोनं एकत्र पडतायत आणि डॉलर मात्र वधारतोय, असं दिसलं की रोख रकमेसाठी धावपळ चालली आहे असं समजावं. मध्यवर्ती बँकांनी पैसा ओतला, व्याजदर खाली आणले, की सोनं सावरतं. 2008 संपताना ते वर्षभरात साधारण 4 टक्के वर होतं. एस अँड पी 500 हा अमेरिकी शेअर निर्देशांक लाभांश धरूनही 37 टक्के खाली होता. म्हणजे आधार मिळाला, पण उशिरा.

«बुडत नाही» याबद्दल फार बोलायला नको. जानेवारी 1980 चा 850 डॉलरचा भाव पुन्हा दिसायला 2008 उजाडावं लागलं, तेही महागाई न धरता.

आता निम्म्याचा हिशोब. 2008 च्या सुरुवातीला 100 रुपये फक्त शेअरमध्ये असते तर वर्षाअखेर 63 उरले असते (चलनाचा फरक सोडून देऊ). 10 टक्के सोनं असतं तर 67, निम्मं असतं तर 83 च्या वर. निम्म्याचा मोह पडतो तो इथेच. पण 1980 ते 1999 या वीस वर्षांत एस अँड पी लाभांशासह वीसपटीहून जास्त झाला, आणि सोनं 1980 च्या शिखरावरून 300 डॉलरच्या खाली आलं. एका वाईट वर्षासाठी इतका महाग विमा मी तरी घेणार नाही.

माझ्या मते 5 ते 15 टक्के ठीक, बहुतेकांना 10 पुरे. मात्र हिस्सा अधूनमधून पूर्ववत करायला हवा. वरच्या उदाहरणात वर्षाअखेर 67 पैकी 10.4 रुपये सोन्यात, म्हणजे हिस्सा साडेपंधरा टक्क्यांवर गेलेला. तो पुन्हा 10 वर आणायला सुमारे 3.7 रुपयांचं सोनं विकून पडलेले शेअर घ्यावे लागतात. सगळे सोन्याकडे धावत असताना हे करायला हात धजत नाही, म्हणून ‘हिस्सा साडेबाराच्या वर गेला की विकायचं’ असा आकडा बाजार शांत असतानाच लिहून ठेवावा.