दोन रुपये एकोणतीस पैसे

काल सकाळी लिओ आमचा वरचा मजला बघायला आला आणि जाताना माझ्या स्कूटरचं पुढचं चाक ओलं करून गेला. लिओ म्हणजे तीन वर्षांचा लॅब्रॅडोर. घर त्याला आवडलं, असं त्याच्या मालकानं कळवलं. घर मला द्यायचंय का, हे कोणी विचारलंच नाही.

मला कुत्र्यांचं वावडं नाही, नखांचं आहे. दार बाबांनी चंद्रपूरच्या सागाचं करवून घेतलेलं. मागच्या भाडेकरूच्या 'बाळा'नं ते खालून दीड फूट सोललं. करारात 'पाळीव प्राणी चालेल' एवढंच होतं. पॉलिशचे ६,५०० डिपॉझिटमधून कापतो म्हटलं, तर गृहस्थ म्हणे, "काका, ही तर वापरातली झीज!" दाराचा आधीचा फोटो माझ्याकडे नव्हता. भांडून २,००० मिळाले. तेवढ्या पैशांत सुतारानं फक्त दाराकडे बघून सुस्कारा टाकला असता.

म्हणून या वेळी अटी लिहूनच बसलो. परवानगी फक्त लिओला, दुसरा आणायचा तर नव्यानं विचारायचं. रेबीजची लस दरवर्षी, कार्ड दाखवायचं. फरशीवर झालं तर लगेच पुसायचं, पण अ‍ॅसिड ओतायचं नाही. कोटा हा चुनखडीचाच दगड, डागाआधी चकाकी जाते. कोणाला चावला तर खर्च मालकाचा, म्हणजे लिओच्या, घराच्या नव्हे. भाडं १४,०००, डिपॉझिट २८,०००, वर लिओचे १०,००० वेगळे. नुकसान नसेल तर ते पूर्ण परत, जास्त असेल तर हिशेब दहावर थांबणार नाही. शिवाय दार, जाळी, फरशीचे तारखेसकट फोटो, दोघांच्या सह्यांनी.

इथे एजंट उसळला. "हे दहा हजार करारात काहून लिहून राहिले जी काका? स्टँप ड्युटी वाढते ना! साध्या कागदावर घ्या, आपसात."

"किती वाढते?"

"वाढते म्हणजे... वाढते."

आयुष्य बँकेत गेलेल्या माणसासमोर असं बोलू नये. परत द्यायच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरतात आणि त्या व्याजावर पाव टक्का ड्युटी. दहा हजारांवर अकरा महिन्यांचे ९१७ रुपये, त्यांचा पाव टक्का म्हणजे २ रुपये २९ पैसे. मी मांडून दाखवलं. त्यानं कागद बराच वेळ न्याहाळला.

"पण वाढले ना, बाप्पा!"

आणि हे सांगणाऱ्याचं कमिशन एका महिन्याचं भाडं! दोन रुपये वाचवायला मी दहा हजारांचा पुरावा सोडायचा? उद्या पैसे घेतलेच नाहीत म्हणालो, तर लिओच्या मालकानं, त्या पोरानं, काय दाखवायचं? कागद त्याच्याही कामाचा. पोराला ते पटलं, त्यानं सगळ्या अटी मान्य केल्या.

मग मी चाकाकडे बोट दाखवलं.

"काका," एजंट म्हणाला, "करार एक तारखेपासून आहे ना."

फोटो मात्र काढून ठेवलाय. तारखेसकट.